बरणीतलं टिकलं, मग बाटलीतलं का नाही?

*नमस्कार. मी कराडची, वय बेचाळीस, नोकरी कधी केली नाही. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कैरीच्या लोणच्याचा फोटो टाकला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. यंदा धीर करून इन्स्टाग्रामवर पान काढलं, पुण्या-मुंबईहून ऑर्डरी आल्या. मे महिन्यात पन्नास किलो कैरी आणली, चार-पाच दिवस मुरवलं आणि पाव किलोच्या बाटल्या भरून ऐंशी रुपयांना विकल्या. जुलैत पुण्याच्या चौघींनी फोटो पाठवले, वर पांढरी बुरशी. एकीच्या पार्सलमध्ये तेल सांडलं होतं, आणि एकीने तर सोसायटीच्या ग्रुपवरच तक्रार लिहिली. माझ्या घरच्या बरणीतलं तेच लोणचं आजही छान आहे, मग चूक कुणाची? प्रिझर्व्हेटिव्ह घालू का? एवढं राबून हातात काही उरत नाही, पण भाव वाढवला तर ओळखीच्या बायका काय म्हणतील? लसणाच्या लोणच्याला खूप मागणी आहे, ते करू का? लायसन लागतं का? सासूबाई म्हणतात, घरापुरतं करा आणि गप्प बसा.*
*– एक गृहिणी, कराड*

ताई, बाकी सगळं नंतर, आधी एक काम आजच उरका. तक्रार करणाऱ्यांचे पैसे कुरिअरच्या खर्चासकट परत करा आणि त्याच वेळी भरलेल्या बाटल्या आणखी ज्यांच्याकडे गेल्या असतील त्यांना स्वतःहून कळवा. वरची बुरशी चमच्याने काढून खालचं खा, असं कुणालाही सांगू नका. डोळ्यांना पांढरं दिसतं ते बुरशीचं वरचं टोक असतं, तिचे तंतू खालच्या फोडींत शिरलेले असतात. ती बाटली टाकूनच द्यायची.

ग्रुपवर तक्रार आली असेल तर उत्तरही तिथेच द्या, खासगीत नको. तक्रार सगळ्यांनी वाचलेली असते आणि उत्तर एकीलाच गेलं तर बाकीच्यांपुरती तुमची बाजू कोरीच राहते. लांबलचक सफाई देऊ नका. एवढं पुरे: ‘ताई, कळवलंत ते बरं झालं. मेच्या शेवटी भरलेल्या काही बाटल्यांत वरच्या फोडी तेलाबाहेर राहिल्या होत्या. तुमचे पैसे आज परत करते. त्या वेळच्या बाटल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया खाऊ नयेत, मला फोटो पाठवावा, पैसे परत मिळतील.’ कारण सांगितलं की वाचणाऱ्याला कळतं की या बाईला आपलं काम कळतं. नुसतं ‘सॉरी हं’ लिहिलं तर तसं वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. लोणचं तेच, हात तोच, मग बरणीत टिकलं आणि बाटलीत बिघडलं कसं? घरच्या बरणीवर तुमची रोज नजर असते. तुम्ही दादरा सोडता, कोरड्या डावाने लोणचं खालवर करता, फोडी दाबून बसवता, तेल कमी वाटलं तर गार केलेलं तेल आणखी ओतता. पुण्याला गेलेल्या बाटलीसाठी यातलं काहीच कुणी करत नाही. विकायचं लोणचं म्हणजे तुमच्या नजरेशिवाय टिकणारं लोणचं, आणि त्यासाठी चार गोष्टी घरच्यापेक्षा वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली, मुरवण्याचा काळ. मीठ लागल्यावर कैरीला पाणी सुटतं, आणि पहिले पंधरा-वीस दिवस फोडी एकीकडे पाणी सोडतात तर दुसरीकडे तेल नि खार पितात. चार-पाच दिवसांत बाटली भरलीत तेव्हा वर अर्धा पेर तेल दिसलंही असेल, पण पुढच्या तीन आठवड्यांत ते फोडींनी ओढून घेतलं, पातळी खाली गेली आणि वरच्या फोडी उघड्या पडल्या. बुरशीला हवा लागते. तेलाखाली ती वाढत नाही, उघड्या फोडीवर मात्र हमखास धरते. तेव्हा लोणचं बरणीतच निदान तीन आठवडे राहू द्या, एक दिवसाआड खालवर करा, आणि फोडी मऊसर होऊन खार दाट झाला की मगच बाटल्या भरा. ऑर्डर देणाऱ्यांना तसं आधीच सांगा. लोणचं मुरायला वेळ लागतो हे कुणाही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट फोडीचा आकार. बरणीसाठी आपण बाठीसकट मोठ्या फोडी करतो, त्या शोभतातही. पाव किलोच्या बाटलीत मात्र त्या आडव्या-तिडव्या अडकतात, मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि एखादी फोड हमखास तेलाबाहेर डोकं काढते. छोट्या बाटलीसाठी दीड सेंटीमीटरच्या आसपासच फोडी करा. भरताना थोडं भरायचं, कोरड्या डावाच्या दांड्याने दाबायचं, बाटली जाड फडक्यावर हलके आपटायची म्हणजे बुडबुडे वर येतात, मग पुन्हा थोडं भरायचं. वर गार तेल ओतून बाटल्या एक रात्र झाकून ठेवा. सकाळी तेल खाली उतरलेलं दिसेल. तेव्हा परत तेल घाला, फोडींच्या वर अर्धा सेंटीमीटर तेल उभं राहिलं पाहिजे, आणि मगच झाकण पक्कं करा. अन्न सुरक्षेच्या नियमांतही तेलातल्या लोणच्यासाठी हेच माप आहे: वर किमान अर्धा सेंटीमीटर तेलाचा थर, किंवा एकूण वजनाच्या किमान १० टक्के तेल. घरगुती विक्रेतीने दोन्ही पाळावं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट झाकण. सांडलेलं तेल आणि बुरशी या तुम्हाला वेगवेगळ्या तक्रारी वाटताहेत, बहुतेक वेळा ती एकच असते. कुरिअरमध्ये बाटली आडवी पडते, झाकणातून तेल झिरपतं, थर नाहीसा होतो आणि पंधरा दिवसांनी बुरशी येते. नवीन बाटल्या घेतल्या की सगळा माल आणण्याआधी चार बाटल्यांत नुसतं तेल भरा, झाकण लावून वर्तमानपत्रावर रात्रभर आडव्या ठेवा. कागदावर डाग पडला तर ते झाकण तुमच्या कामाचं नाही. नुसत्या पत्र्याच्या झाकणाला लोणच्यातलं मीठ नि आंबटपणा गंज आणतो, तेव्हा आतून अस्तर असलेलं घ्या आणि अस्तरावर ओरखडा दिसला तर बाजूला काढा. बाटलीच्या तोंडावर पत्री चिकटवून सील करणारी हातातली मशीनं मिळतात. काम वाढलं की पहिली खरेदी तीच करा.

चौथी गोष्ट मीठ, आणि इथेच अंदाज दगा देतो. पाच किलो कैरीला तुमची मूठ अचूक असते, पन्नास किलोला राहत नाही. त्यातही वाटीने मोजत असाल तर जाडं मीठ आणि बारीक मीठ यांच्या एका वाटीच्या वजनात चांगलाच फरक पडतो. सवय बारकाची असताना जाडं मीठ आणलं की माप तेच राहतं आणि मीठ मात्र कमी पडतं. त्यामुळे मीठ वजनानेच घ्या: चिरलेल्या एक किलो फोडींना १८० ते २०० ग्रॅम, कढईत कोरडं भाजून, गार करून. मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग तुमच्या हाताप्रमाणे घ्या, पण तेही एकदा वजन करून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ‘मागच्यासारखंच द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच देता आलं पाहिजे.

पाण्याचं तुम्हाला मी सांगायला नको, तरी दोन जागा अशा आहेत की तिथे जुन्या हाताच्या बायकाही चुकतात. एक, फोडणी कोमट असताना ओतली की झाकणाच्या आतून वाफ धरते आणि तेच पाणी थेंबाथेंबाने वरच्या फोडींवर पडतं. फोडणी पूर्ण गार हवी, भांड्याला खालून हात लावून बघायचं. दुसरी, धुतलेल्या बाटल्या. वरून कोरड्या दिसतात, पण आटे आणि बुडाची खोबण यांत ओल राहते. कडक उन्हात उलट्या-सुलट्या करा, नाहीतर काचेच्या बाटल्या झाकणं काढून ओव्हनमध्ये १०० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा. बाटल्या भरण्याचं काम मृगाच्या आधीच संपवायचं, आणि एखादा वळीव झाल्यावर उतरवलेली, पाणी धरलेली कैरी लोणच्याला घ्यायची नाही. ती कमी आंबट असते आणि लवकर मऊ पडते.

आता बिघाड ओळखायचा कसा, तेही सांगते. गिऱ्हाइकाकडून फोटो आला की नुसतं ‘बुरशी आली’ एवढ्यावर थांबू नका, प्रश्न विचारा. केसाळ, पांढरी-हिरवी बुरशी फक्त वरच्या फोडीवर आहे आणि खालचा खार नेहमीसारखा आहे, तर हवा लागली: तेल कमी, झाकण ढिलं किंवा त्यांचा ओला चमचा. पातळ, सुरकुतलेली पांढरी साय, बारीक बुडबुडे, झाकण उघडताना ‘फुस्स’ आणि आंबूस दारूसारखा वास, तर लोणचं आंबलंय: मीठ कमी किंवा पाणी जास्त. एकाच बाटलीत असेल तर ती बाटली बघा. एकाच दिवशी भरलेल्या तीन-चार बाटल्यांत असेल तर सगळी खेप परत बोलवा.

म्हणूनच प्रत्येक खेपेला नंबर द्या आणि त्या खेपेतल्या दोन बाटल्या विकू नका. एक तशीच सीलबंद ठेवा, दुसरी उघडून घरात रोज वापरा. चौकशी आली की पहिल्यांदा त्या दोन बघायच्या. बरणी साक्षीला धरू नका, ती वेगळ्या परिस्थितीत राहिलेली असते. ‘किती दिवस टिकतं’ या प्रश्नाचं उत्तरही या बाटल्याच देतील. पहिल्या वर्षी लेबलवर सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत लिहू नका. सीलबंद बाटली वर्षभर उत्तम राहिलेली स्वतः पाहिलीत की मग वाढवा.

प्रिझर्व्हेटिव्हचं माझं उत्तर ‘नको’ असं आहे. त्यात काही पाप नाही, लोणच्यात सोडियम बेन्झोएट ठरावीक मर्यादेत चालतं, पण ते ग्रॅमच्या अंशात तोलावं लागतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते जमत नाही आणि चिमटीने घालणं धोक्याचं. घातलं तर लेबलवर लिहावंही लागतं. आणि मुख्य म्हणजे तुमचा बिघाड त्याने झाकला जाईल, दुरुस्त होणार नाही. मीठ, आंबटपणा आणि तेल ही तीन कामं नीट झाली तर कैरीला चौथ्याची गरज पडत नाही.

लसणाबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण मागणी पाहून कुणीही हो म्हणेल. कैरी स्वतःच खूप आंबट असते. लसूण आंबट नसतो, आणि तो मातीत वाढतो. मातीत बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेला कारण ठरणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असतात. बुरशीला हवा लागते, पण या जिवाणूला हवा नसलेली जागाच मानवते. कमी आंबट पदार्थ, त्यावर तेल, खोलीतलं तापमान: कच्चा लसूण नुसत्या तेला-मसाल्यात बुडवला की या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. आणि हे विष तयार झालं तरी वास, रंग, चव यांत काही कळेलच असं नाही. आंबटपणा पीएच या मापात मोजतात, आकडा जितका कमी तितका पदार्थ जास्त आंबट. पदार्थाचा पीएच ४.६ च्या खाली असला तर हा जिवाणू वाढत नाही. लसणाच्या प्रत्येक पाकळीच्या आतपर्यंत तेवढा आंबटपणा पोचला पाहिजे, म्हणजे पाकळ्या आधी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये पुरेशा मुरवून, नंतर पाकळी ठेचून, मीटरने पीएच मोजून खात्री करावी लागते. रंग बदलणाऱ्या पट्ट्या तिखट-हळदीच्या तेलात वाचताच येत नाहीत. त्यामुळे यंदा लसूण नाही म्हणून सांगा. करायचंच झालं तर आधी थोडं करा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या, आकडा हातात आला की मगच विका. हिरव्या मिरचीलाही हेच लागू आहे. मिरचीच्या लोणच्यात लिंबू पिळायची पद्धत चवीपुरती नाही.

आता पैशाचं. हातात का उरत नाही, हे मी दहा किलो कैरीवर मांडून दाखवते. भाव उदाहरणादाखल धरलेत, तुमच्या वहीतले घालून हेच पुन्हा करा. दहा किलो कैरी, ५० रुपयांनी, ५०० रुपये. कोय आणि खराब भाग जाऊन फोडी भरतील साधारण सात किलो. त्याला मीठ १ किलो ३०० ग्रॅम, ३५ रुपये. मोहरीची डाळ ७०० ग्रॅम, १४० रुपये. चांगलं तिखट ५६० ग्रॅम, २८० रुपये. हळद ४५, मेथी १०, हिंग १२० रुपये. शेंगदाणा तेल दोन लिटर, ३६० रुपये. जिन्नस झाले १,४९० रुपयांचे, आणि लोणचं साडेअकरा किलोच्या आसपास, म्हणजे पाव किलोच्या ४५ बाटल्या.

इथपर्यंतचा हिशेब सगळ्या जणी करतात. बाटलीला ३३ रुपये पडले, ८० ला विकली, ४७ सुटले! पण रिकामी बाटली, झाकण, सील नि लेबल मिळून १९ रुपये धरा, ४५ बाटल्यांचे ८५५. मंडईतून आणायची रिक्षा आणि गॅस २१० रुपये. नगदी खर्चच २,५५५ झाला. दोन बाटल्या साक्षीसाठी ठेवायच्या, म्हणजे विकायला राहिल्या ४३. ऐंशीने ३,४४० येतात आणि हाती उरतात ८८५ रुपये. धुणं, पुसणं, चिरणं, मसाला, खालवर करणं, भरणं, लेबलं, पार्सलं, मेसेजना उत्तरं, हे सगळं सोळा तासांचं तरी काम आहे. तासाला ५५ रुपयेच पडले, आणि त्यातूनच एखादी बाटली फुटली तर ती भरून द्यायची.

आता आपल्या कामाचे तासाला ८० रुपये तरी धरा, म्हणजे १,२८० रुपये. एकूण खर्च ३,८३५. त्याला ४३ ने भागलं की एका बाटलीचा खरा खर्च ८९ रुपये. तुम्ही तोट्यात विकत होतात. १३० रुपये भाव ठेवलात तर मजुरी सुटून खेपेला साधारण १,७५० रुपये राहतात, आणि त्यातूनच परतावे, पुढच्या हंगामाच्या बाटल्या, सीलचं मशीन हे सगळं निघणार आहे. १३० च्या खाली येऊ नका. कुरिअर आणि खोकं वेगळं लावा, गिऱ्हाइकाला ते पहिल्याच मेसेजमध्ये कळू द्या. काचेची एक बाटली बांधून पाठवायला खर्च फार येतो, म्हणून परगावी चार बाटल्यांच्या खाली पार्सल करू नका.

ओळखीच्या बायकांना काय वाटेल याची तुम्हाला धास्ती आहे, ती मला समजते. एकीला कमी भावात दिलं की ते दुसरीला कळतंच, आणि मग नाराजी तिथून सुरू होते. भाव सगळ्यांना एकच ठेवा. सोसायटीतल्या बायकांना कुरिअर नाही, खोकं नाही, बाटली घरपोच, हा फायदा त्यांना तसाच मिळतो आहे. अगदी द्यायचंच असेल तर पैशात सूट न देता आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना पहिल्या खेपेतलं लोणचं द्या.

आगाऊ नोंदणी तर या धंद्याचा कणाच आहे, कारण कैरी वर्षातून एकदाच येते. मार्चमध्ये नोंदणी उघडा, निम्मे पैसे आधी घ्या, आणि जेवढी नोंदणी झाली त्याहून फार तर पाचवा हिस्सा जास्त कैरी आणा. उरलेलं लोणचं जुलैनंतर हौसेने विकायला बरं असतं, पण ते भांडवल अडकवून बसू नये. ऑर्डर फोनमध्येच राहू देऊ नका, वहीत उतरवा: नाव, नंबर, किती बाटल्या, पैसे किती आले, खेप कुठली, कधी पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप फुकट आहे. त्यात बाटल्यांचे फोटो नि भाव एकदाच कॅटलॉगमध्ये टाकता येतात आणि ‘पैसे बाकी’, ‘पाठवलं’ अशी लेबलं चॅटला लावता येतात. ब्रॉडकास्टने सगळ्यांना मेसेज पाठवणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. तेव्हा पहिल्या पार्सलमधल्या चिठ्ठीवरच ‘नंबर सेव्ह करा’ असं लिहा.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली की मगच पार्सल द्यायचं. आणि कुणी एकदम पन्नास बाटल्यांची ऑर्डर देऊन ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही लागत नाही. लहान विक्रेत्यांना गाठून केली जाणारी ही जुनी फसवणूक आहे.

सरकारी बाजू तुम्हाला वाटते तेवढी अवघड नाही. घरून विकलं, इन्स्टाग्रामवर विकलं, तरी तो खाद्य व्यवसायच धरतात. तुमच्या आकाराच्या व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेची साधी नोंदणी लागते. ती foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर घरबसल्या होते, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा एवढंच प्रामुख्याने मागतात, आणि शुल्क नाममात्र असतं. १४ आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर छापायचा. एजंटाला हजारो रुपये देऊ नका. पुढच्या हंगामाची पहिली बाटली जाण्याआधी हे हातात हवं.

लेबलवर लोणच्याचं नाव, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, मुदत, खेप नंबर, तुमचं नाव-पत्ता-फोन, किंमत आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका हवाच, पोषणमूल्यं नि बाकीचे तपशील नोंदणी करताना त्याच संकेतस्थळावर पाहून घ्या. घटक उतरत्या वजनाने लिहितात, म्हणजे तुमच्या लोणच्यात कैरी, तेल, मीठ, मोहरी, तिखट, हळद, मेथी, हिंग. यातला हिंग बारकाईने बघा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचा. गव्हाचं वावडं असलेल्या माणसाला तुमचं लोणचं निर्धोक वाटेल, कारण लोणच्यात गहू असेल असं कुणाच्या मनात येत नाही. ‘हिंग (गव्हाचं पीठ असलेला)’ असं छापा.

सासूबाईंना गप्प करायला जाऊ नका. पन्नास किलोच्या पसाऱ्याने महिनाभर त्यांचं स्वयंपाकघर गेलं असणार, आणि तक्रारी आल्या तेव्हा घराचं नाव गेलं असं त्यांना वाटलं असणार. त्यातली पहिली अडचण खरी आहे. पुढच्या वर्षी एकदम पन्नास किलो घालू नका, दहा-दहा किलोच्या खेपा आठ-आठ दिवसांच्या अंतराने घाला. म्हणजे ओटा मोकळा राहील, वासालाही कुणी कंटाळणार नाही, आणि एखादी खेप बिघडली तर चाळीस-पंचेचाळीस बाटल्यांवर निभावेल. बरण्या खालवर करण्याचं आणि वास घेऊन बघण्याचं काम त्यांच्याकडे सोपवता आलं तर जरूर सोपवा, त्याचे पैसेही हिशेबात धरा. लोणचं बिघडायला लागलंय हे ज्या बायकांना झाकण उघडताक्षणी कळतं, त्या वयाच्या बायका आता घरोघरी राहिलेल्या नाहीत.

कैरीला अजून बरेच महिने आहेत. तोवर हिवाळ्यात लिंबं स्वस्त झाली की तीन किलोचं लोणचं घालून ही सगळी पद्धत एकदा लहान प्रमाणात करून बघा: वजनाने मीठ, तीन आठवडे मुरवण, कोरड्या बाटल्या, खेप नंबर, दोन बाटल्या बाजूला. फक्त लिंबाच्या लोणच्याला पत्र्याचं झाकण अजिबात लावू नका, ते फार लवकर गंजतं. प्लॅस्टिकचं जाड, आटे घट्ट बसणारं झाकण घ्या, आणि त्यातल्या दोन बाटल्या पुण्याच्या कुणा नातेवाइकांना कुरिअरनेच पाठवून, महिन्याभराने फोटो मागवा.